खीर बाराच्या आत

बुद्ध पौर्णिमेला आमच्या नागपूरच्या घरात खरी घाई असते ती दुपारी बाराच्या आत जेवण आटोपण्याची, कारण आईनं आणि आत्यानं सकाळी अष्टशील घेतलेलं असतं.

एरवी आपण पंचशील म्हणतो: हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहणं. उपोसथाच्या दिवशी तिसरं शील अधिक कडक होऊन त्या दिवसापुरतं ब्रह्मचर्य येतं आणि आणखी तीन शीलं वाढतात. मध्यान्हानंतर जेवायचं नाही, नाचगाणी आणि साजशृंगार टाळायचा, उंच-मऊ बिछाना सोडायचा. दागिने डब्यात जातात, चटई जमिनीवर येते.

सकाळी पांढरे कपडे घालून सगळे तथागतांच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बसतात. मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं, एवढंच. आम्ही इथं काही मागत नाही. ज्योत ज्ञानाची आठवण देते, फूल अनित्यतेची. संध्याकाळी सुकलेली फुलं उचलताना लहान मुलांनाही ते समजावून सांगावं लागत नाही. मग त्रिशरण आणि शीलग्रहण. भंतेजी असतील तर त्यांच्याकडे शीलाची तीनदा याचना करायची. नसतील तर घरातलं मोठं माणूस सांगतं आणि बाकीचे मागोमाग म्हणतात.

हा उपवास मात्र नाही. कठोर देहदंडानं सिद्धार्थाचं शरीर खंगलं होतं. सुजातेची खीर स्वीकारून त्यांनी तो मार्ग सोडला आणि पुढे वैशाखी पौर्णिमेलाच त्यांना बोधी प्राप्त झाली, असं परंपरा मानते. म्हणून आई बाराच्या आत पोटभर जेवते, त्यात खीर असतेच. मध्यान्ह म्हणजे खरं तर सूर्य माथ्यावर येण्याची वेळ. मे महिन्यात ती नागपुरात सुमारे बारा दहाला, तर मुंबईत बारा पस्तीसच्या आसपास येते. आम्ही सरळ घड्याळाचे बारा पाळतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाणी किंवा गाळलेला रस.

म्हणूनच रात्रीच्या कार्यक्रमानंतर खीर वाटणं मला पटत नाही. ज्यांनी अष्टशील घेतलं, त्यांनाच ती घेता येत नाही. शिवाय वैशाखातल्या नागपुरात दुधाची खीर दुपारपर्यंत टिकत नाही. कडेला पाणी सुटलं आणि आंबूस वास आला की ती वाटायची नाही. आम्ही पाच लिटर दुधाची खीर पहाटे करतो आणि दहाच्या आत सरकारी दवाखान्याच्या फाटकाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांना वाटून मोकळे होतो. ओळीत कुणाला नाव-गाव विचारायचं नाही आणि फोटो काढायचे नाहीत, हा आत्याचा नियम. मधुमेह असलेल्यांसाठी वेगळ्या टोपलीत केळी नाही, काकडी असते; हे आम्हाला तिथल्याच एका आजींनी सुचवलं.