रिलीजनंतरची सकाळ

परवा मी आमच्या टीमला चार ओळींची एक सूचना पाठवली. रिलीज रात्री बारानंतर संपलं, तर त्यासाठी जागलेल्या कोणालाही दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या आधी मीटिंग लावायची नाही.

रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकांसाठी चालू करणं. वापर कमी असतो म्हणून हे काम रात्री करतात. गेल्या वेळी आम्ही अकराला सुरुवात केली, डेटाबेसमधला एक बदल मध्येच अडकला आणि संपायला पावणेतीन झाले. टेस्टिंग करणारा आमचा सहकारी हिंजवडीहून कॅबने घरी पोचून झोपला तेव्हा चार वाजले होते. साडेनऊच्या मीटिंगसाठी त्याने आठचा गजर लावला. मीटिंगमध्ये सगळ्या चाचण्या पास झाल्याचं त्याने सांगितलं. पण तो वाचत होता ती यादी मागच्या रिलीजची होती. दुपारी हे कळलं.

हा हलगर्जीपणा नव्हता. आदल्या सकाळी सातला उठलेला माणूस पावणेतीनला जवळपास वीस तास जागा होता. ऑस्ट्रेलियातल्या ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली दाखवलं, की सतरा तासांच्या जागरणानंतर माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्यावर पुन्हा चारच तासांची झोप.

“ज्याला थकवा वाटेल त्याने येऊ नये,” असं म्हणून भागत नाही. सलग दोन आठवडे रोज सहाच तास झोपलेल्या लोकांवर अमेरिकेत प्रयोग झाला. त्यांचं लक्ष दिवसेंदिवस ढळत गेलं, पण आपल्याला फारशी झोप येत नाही असंच त्यांना वाटत राहिलं. म्हणून निर्णय घड्याळाने घ्यायचा, माणसाने नाही. मीटिंग ‘ऐच्छिक’ ठेवली, तर नवी मुलं येतातच.

मग अकरा का नाही, एकच का? उजाडल्यावर शरीराचं घड्याळ जागं करू लागतं, त्यामुळे चारला झोपलेल्याची झोप तुटक होते. मोडलेली झोप पुन्हा लागायला आणि उठल्यावरची गुंगी उतरायला वेळ हवा.

खरी अडचण वेगळीच आहे. रिलीजमधल्या चुका सकाळी नऊ-दहाला, ग्राहक कामाला लागले की दिसतात. तेव्हाच जाणकार माणसं झोपलेली असतील, तर मीटिंग रद्द करूनही त्यांचा फोन वाजणारच. म्हणून आदल्या रात्री वेळेवर झोपलेला एक जण सकाळी आठपासून लक्ष ठेवील, असं आम्ही ठरवलं. रात्रीच्या लोकांनी घरी जाण्याआधी त्याच्यासाठी तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: काय बदललं, कुठे नजर ठेवायची आणि बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर कसं परतायचं. झोपलेल्याला उठवायचं ते जुन्या आवृत्तीवर परतणंही जमलं नाही, तरच.