मे महिन्यात बिर्याणीची वाफ गेली कुठे?

चंद्रपुरातल्या एका मित्राची छोटी खानावळ आहे. मे महिन्यात त्याला डिलिव्हरी अ‍ॅपच्या बॅनरसाठी फोटो हवा होता. कणकेने बंद केलेली हंडी, सुटासुटा भात, वर तळलेला कांदा, कोथिंबीर, आणि अर्थातच वाफ. बंद हंडीतून वाफ येत नाही, म्हणून कडेची कणीक थोडी तोडून झाकण तिरकं केलं. हाताला चटका बसत होता, पण फोटोत वाफ काही दिसेना. तो म्हणाला, "कॅमेराच बेकार आहे." मला वाटलं, लाईट चुकला.

खरं तर पाण्याची वाफ डोळ्यांनाही दिसत नाही. आपण जिला वाफ म्हणतो ते थंड हवेत तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात. मग प्रश्न असा, की त्या दिवशी थेंब झाले का?

हिशोब करून बघू. भातावरची हवा ८० अंश आणि बाष्पाने पूर्ण भरलेली धरू. तिचा बाष्पदाब साधारण ४७ किलोपास्कल. बाहेर ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के. तिथे बाष्पदाब जेमतेम १.४. एक भाग हंडीतली हवा चार भाग बाहेरच्या हवेत मिसळली, तर मिश्रण ५२ अंशांचं आणि बाष्पदाब १०.६. पण ५२ अंशांची हवा १३.६ पर्यंत बाष्प धरून ठेवते. म्हणजे थेंब नाहीत. डिसेंबरच्या सकाळी, १२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत, हेच मिश्रण २५.६ अंशांचं होतं. बाष्पदाब जवळपास तेवढाच, १०.४, पण त्या हवेची मर्यादा फक्त ३.३. तिपटीहून जास्त! म्हणून तेव्हा साध्या चहावरही ढग दिसतो.

मे महिन्यातही झाकण उघडताच, भाताला अगदी लागून थोडं धुकं येऊ शकतं. पण वरचा भात ६० अंशांवर आला की त्या हवेत कुठल्याही प्रमाणात मिसळा, थेंब होतच नाहीत. आम्ही कांदा नीट मांडत बसलो होतो, तिथेच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी एसीच्या खोलीत, २२ अंशांवर, फोटो काढला. झोत वाफ उडवतो, म्हणून एसी ऐनवेळी बंद केला. मागे काळा कपडा, दिवा हंडीच्या मागून तिरका. थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात, त्यामुळे समोरच्या फ्लॅशमध्ये ते फिकेच दिसतात. सजावट आधीच वाटीत तयार ठेवली होती.

भाताचं मात्र उलटं निघालं. झाकणाला जमलेलं पाणी वरच्या थरावर टपकून शितं चिकटली होती. तिसऱ्या हंडीला झाकण सरळ उचलून, न हलवता बाजूला नेलं, तेव्हा कुठे जमलं.

मित्राने आधी मोबाईलमध्ये धूर चिकटवायचं ठरवलं होतं. ते राहिलं.