पिंगळा घाबरला की चकित झाला?

आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य आणि किळस. एकाच पात्राचे सहा भाव दाखवायचे म्हटलं की बहुतेक चित्रकार याच यादीपासून सुरुवात करतात. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या संशोधनामुळे ती रूढ झाली. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. बाकीचे भाव बहुतेकांनी ओळखले, पण भीती आणि आश्चर्य यांत गल्लत झाली. खऱ्या चेहऱ्यावर जे निसटतं, ते फोनवरच्या इवल्याशा चित्रात अधिकच निसटणार. स्टिकर-संच जमला की फसला, हे मी आधी या जोडीवरून ठरवतो.

आपलं पात्र म्हणून पिंगळा घेऊ. त्याचे पिवळे डोळे मोठे असतात आणि वर पांढऱ्या भुवया जन्मजातच असतात. अडचण चोचीची. माणूस घाबरला की ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात. चोच तशी ताणता येत नाही. मग भीती भुवयांवर आणि अंगावर आणावी लागते. आश्चर्यात भुवया कमानीसारख्या वर जातात आणि चोच सैल उघडते. भीतीतही भुवया वर जातात, पण एकमेकींकडे ओढल्या जातात आणि त्यांची आतली टोकं उचललेली दिसतात. शिवाय चकित पिंगळा टुणकन वर उडतो. घाबरलेला पंख अंगाशी घट्ट धरून मागे सरतो आणि थरथरतो.

व्हॉट्सअ‍ॅपला हलता स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा, वेबपी स्वरूपातला आणि ५०० केबीच्या आत लागतो. वेबपीत प्रत्येक फ्रेम किती वेळ दिसावी हे वेगवेगळं ठरवता येतं, आणि याचा फायदा आश्चर्याला होतो. उडी चार-पाच फ्रेममध्ये झटकन संपवायची आणि वरची मुद्रा एकाच फ्रेमवर जवळजवळ सेकंदभर रोखायची. फाइल त्याने फुगत नाही. ही रोख ठेवली नाही, तर उडी पुन्हापुन्हा फिरत राहते आणि पिंगळ्याला उचकी लागल्यासारखं वाटतं. भीतीचं उलट आहे: तिथे दोन-तीन फ्रेमची थरथर अखंड चालू ठेवली तरच ती खरी वाटते.

पात्राभोवती पांढरी जाड कड हवी, नाहीतर गडद चॅटमध्ये तपकिरी पिंगळा हरवतो.

मग सहाही स्टिकर फोनवर, खऱ्या आकारात, नाव न सांगता चार-पाच जणांना दाखवावेत. भीतीच्या स्टिकरला कोणी "दचकला" म्हणालं, तर घामाचे थेंब काढायचा मोह होतो. पण त्या आकारात थेंब अश्रूंसारखे दिसतात आणि भीतीचं दुःख होऊन बसतं. थेंब न काढता भुवयांची आतली टोकं आणखी उचलावीत आणि अंग आणखी आक्रसावं.