वृत्तलेखनातील ‘महारोगी’ : एका शब्दाच्या दुरुस्तीची चिकित्सा

आजार किंवा अपंगत्व यांविषयीचे अवमानकारक शब्द बातमीतून काढून त्यांच्या जागी आदरयुक्त शब्द घालणे, हे काम वरवर पाहता कोशाच्या साह्याने होण्याजोगे वाटते. एका बाजूस त्याज्य शब्द व दुसऱ्या बाजूस ग्राह्य शब्द अशी यादी करावी आणि बातमीवर हात फिरवावा, एवढेच ते काम आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत कोठे अपुरी पडते ते पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात ‘महारोगी’ हा एकच शब्द घेतला आहे.

प्रथम या शब्दाचा पूर्वेतिहास पाहू. आयुर्वेदाच्या संहितांत, उपचारास दाद देण्यास कठीण अशा आठ व्याधींना ‘महागद’ ही संज्ञा दिलेली आहे. प्रमेह, अर्श, भगंदर, उदर इत्यादींबरोबर कुष्ठ हा त्या आठांपैकी एक होय. मराठीत मात्र ‘महारोग’ हा शब्द त्या एकाच व्याधीला चिकटला. प्रमेहाच्या रोग्याला कोणी महारोगी म्हणत नाही. ‘महा’ या पूर्वपदाचा मूळ अर्थ ‘बरा करण्यास अवघड’ असा होता. व्यवहारात तो ‘भयंकर’ आणि ‘कधीही बरा न होणारा’ असा झाला. ‘रक्तपिती’ या दुसऱ्या लोकरूढ शब्दाचीही अशीच गत आहे. वैद्यकात रक्तपित्त म्हणजे रक्तस्रावाचा विकार. त्याचा कुष्ठाशी संबंध नाही. खुद्द ‘कुष्ठ’ ही संज्ञाही प्राचीन ग्रंथांत अठरा प्रकारच्या त्वचाविकारांना लावलेली आढळते. आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो तो एका विशिष्ट जंतूमुळे होणारा रोग आहे, आणि तो जंतू नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ मध्ये दाखवून दिला.

हा शब्द केवळ कठोर आहे म्हणून टाळावयाचा नसून तो आज असत्य विधान करतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यानुसार रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याची शक्यता उरत नाही. असे असूनही हिंदू विवाह कायद्यासह आपल्या पाच वैयक्तिक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे किंवा पोटगीच्या हक्कावर परिणाम करणारे कारण म्हणून कायम होते. हिंदू विवाह कायद्याच्या शब्दयोजनेत तर या रोगाला ‘असाध्य’ असे विशेषण होते. ही कलमे २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. म्हणजे एक विशेषण ३८ वर्षे खोटे असूनही लोकांचे संसार मोडण्यास आधार देत राहिले. बातमीतील शब्दांविषयी एवढी काळजी का घ्यावयाची, याचे उत्तर यात आहे.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. पुढील बातमी विवेचनासाठी मुद्दाम रचलेली आहे; तथापि तिच्यातील प्रत्येक वळण वृत्तपत्रांच्या वाचकांस परिचित वाटेल.

“तालुक्यात ४० महारोगी सापडले. आरोग्य खात्याच्या शोधमोहिमेत तालुक्यात ४० महारोगी सापडल्याचे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांपैकी एक पंगू महारोगी गेली दहा वर्षे या शापाशी झुंजत गावाबाहेरच्या झोपडीत राहतो. त्याच्या हाताची बोटे झडली आहेत. रोगाचा फैलाव होऊ नये म्हणून ग्रामस्थांनी अशा लोकांपासून सावध राहावे.”

यादी हाती घेऊन दुरुस्ती करणारा उपसंपादक ‘महारोगी’च्या जागी ‘कुष्ठरुग्ण’ आणि ‘पंगू’च्या जागी ‘दिव्यांग’ लिहील, ‘शाप’ हा शब्द गाळील आणि मजकूर छपाईस पाठवील. शब्द सभ्य झाले. परंतु बातमी जवळजवळ पूर्वीइतकीच सदोष राहिली. ती कशी, हे एकेक वाक्य घेऊन तपासू.

पहिले वाक्य संख्येचे आहे. शोधमोहिमेत कार्यकर्ते घरोघर जाऊन, ज्यांच्या त्वचेवर शंकास्पद चट्टे आहेत अशांची नोंद करतात. त्यांना ‘संशयित रुग्ण’ म्हणतात. त्यानंतर वैद्यकीय अधिकारी चट्ट्यावरील संवेदना व मज्जातंतू तपासून निदान करतात आणि बहुसंख्य संशयितांना कुष्ठरोग नसल्याचे त्यात निष्पन्न होते. आपल्या उदाहरणात चौकशीअंती असे कळले की, ४० ही संशयितांची संख्या असून निदान केवळ तिघांचे झाले आहे. म्हणजे ‘४० कुष्ठरुग्ण’ हा सभ्य शब्दप्रयोग ३७ निरोगी माणसांना रोगी ठरवितो. यास्तव दुरुस्तीची पहिली पायरी शब्दाची नसून वस्तुस्थितीची आहे : हा शब्द ज्या माणसाला लावला आहे तो आज कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी विचारले पाहिजे. शिवाय ‘सापडले’ हे क्रियापद चोर किंवा चोरीचा माल यांच्या संगतीतले आहे. रोगाचे ‘निदान होते’.

दुसऱ्या वाक्यातील गृहस्थांविषयी हाच प्रश्न विचारला असता असे आढळले की, त्यांचे उपचार आठ वर्षांपूर्वीच पूर्ण झाले आहेत. तेव्हा ते या मोहिमेतील तिघांपैकी नाहीत, आणि ते कुष्ठरुग्णही नाहीत. ‘रुग्ण’ ही उपचाराच्या काळापुरती अवस्था आहे. त्यापुढे ‘कुष्ठरोगमुक्त’ हाच शब्द खरा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानेही, रोग बरा झाला पण बधिरता किंवा विकृती मागे राहिली अशा व्यक्तींचा वेगळा प्रकार मानला आहे. ‘महारोगी’ या शब्दाचे खरे क्रौर्य येथेच आहे : त्याला भूतकाळ नाही. एकदा महारोगी तो कायमचा महारोगी.

‘पंगू’च्या जागी ‘दिव्यांग’ घालावे काय? २०१५ च्या अखेरीपासून हा शब्द शासकीय व्यवहारात आला व रूढ झाला. तथापि अपंगत्व असलेल्या अनेकांना तो खटकतो, कारण ‘पंगू’ कीव करतो तर ‘दिव्य’ स्तुती करतो, आणि माणसाला काय करता येत नाही हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. कायद्याचा किंवा योजनेचा उल्लेख असेल तेथे तो शब्द ठेवावा. व्यक्तीविषयी लिहिताना मात्र प्रत्यक्ष अडचण सांगणे अधिक बरे. या गृहस्थांच्या उजव्या हाताची करंगळी व अनामिका वाकलेली असून त्यांत बळ नाही. कोपरामागून जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाल्याने या रोगात असे होते. त्यांची ‘बोटे झडली’ हे विधान तर सर्वस्वी चूक आहे. या रोगात बोटे गळून पडत नाहीत. बधिर हाताला भाजल्याचे किंवा कापल्याचे कळत नाही, जखमा चिघळतात, आणि कालांतराने हाडे झिजून बोटे आखूड होतात. बधिरतेची वेळीच काळजी घेतल्यास हे बव्हंशी टळू शकते. ‘झडणे’ या क्रियापदात ती शक्यता दिसत नाही.

याच वाक्यात मराठीचा एक खास प्रश्न आहे, आणि तो कोणत्याही शब्दयादीत येत नाही. आरोग्य अधिकाऱ्यांनी ‘सांगितले’, पण रोगमुक्त गृहस्थ झोपडीत ‘राहतो’. एकाच बातमीत एकाला आदरार्थी बहुवचन आणि दुसऱ्याला एकवचन! नाम बदलले तरी क्रियापद व सर्वनाम माणसाची पायरी दाखवीतच राहतात. तसेच ‘शापाशी झुंजत गावाबाहेर राहतो’ या रचनेत गावाबाहेर घालविणारा कर्ताच दिसत नाही. जणू रोगानेच त्यांना तेथे नेले. वस्तुतः त्यांना घर नाकारले ते ग्रामस्थांनी. तो कर्ता वाक्यात आला पाहिजे.

शेवटचे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे. वाचकाने सावध राहावयाचे ते माणसापासून नव्हे. बधिर चट्टा दिसूनही तपासणी टाळण्यापासून. एवढ्या विचारानंतर बातमी पुढीलप्रमाणे होईल :

“तालुक्यात कुष्ठरोगाचे ३ नवे रुग्ण, उपचार सुरू. आरोग्य खात्याच्या घरोघरच्या तपासणीत ४० जणांच्या त्वचेवर शंकास्पद चट्टे आढळले. वैद्यकीय तपासणीनंतर त्यांपैकी तिघांना कुष्ठरोग असल्याचे निदान झाले असून त्यांच्यावर मोफत उपचार सुरू झाले आहेत, असे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले. याच तालुक्यातील एक गृहस्थ आठ वर्षांपूर्वी या रोगातून पूर्ण बरे झाले आहेत. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत बळ नाही. ग्रामस्थांनी घर नाकारल्यामुळे ते अद्याप गावाबाहेर राहतात. त्वचेवर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे.”

गावाचे नाव येथे दिलेले नाही, हेही सहेतुक आहे. तीनच रुग्ण असताना गाव सांगणे म्हणजे माणसे सांगणे होय.

अशा दुरुस्तीला काही मर्यादा आहेत. वरोऱ्याच्या आनंदवनाची संस्था ‘महारोगी सेवा समिती’ या नावाने १९४९ मध्ये स्थापन झाली. ज्यांनी या रोगाविषयीची घृणा दूर करण्यासाठी आयुष्य वेचले त्या बाबा आमटे यांच्याच संस्थेच्या नावात हा शब्द आहे. तो त्या काळाचा प्रचलित शब्द होता. संस्थेचे नाव बातमीत बदलता येत नाही. १८९८ च्या कायद्याच्या मूळ नावातही याच अर्थाचा इंग्रजी शब्द होता. तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, पण इतिहास लिहिताना त्याचे नाव सौम्य केल्यास पुराव्यालाच बाध येतो. कोणी स्वतःविषयी बोलताना ‘मी महारोगी म्हणून हाकलला गेलो’ असे म्हटले, तर तेथेही शब्द अवतरणात तसाच राहावा. तो त्यांचा आरोप आहे. याउलट ‘भ्रष्टाचाराचा महारोग’ अशी रूपके अग्रलेखातून निःशंकपणे काढावीत. त्या वाक्यात एकही रुग्ण नसतो, तरी किळस मात्र त्याच्याच नावावर जमा होते. आणि पांढऱ्या कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणणे हीही तशीच चूक आहे : कोड संसर्गजन्य नाही, त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही आणि त्या चट्ट्यावरील संवेदना शाबूत असते.

क्यूबामधील हवाना येथे १९४८ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने ‘महारोगी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सोडून द्यावा असे सुचविले होते. त्यानंतर भाषांनी नवे शब्द घेतले. पण जुनी वाक्ये पुष्कळदा तशीच राहिली. वाक्य तेच राहिले तर नव्या शब्दालाही जुना वास लागण्यास फार काळ लागत नाही. म्हणून दुरुस्त केलेली बातमी पुन्हा वाचताना एक साधी कसोटी लावावी : याच माणसाला क्षयरोग झाला असता आणि तो बरा झाला असता, तर हेच वाक्य आपण असेच लिहिले असते काय?