डाळिंब खाताना बी गिळावी की थुंकावी? जाणून घ्या नेमके उत्तर

अहिल्यानगर : राहाता, संगमनेर पट्ट्यातील डाळिंब घरोघरी खाल्ले जाते, मात्र दाण्यातली कुरकुरीत बी पोटात गेली तर चालते का, हा प्रश्न हमखास पडतो. निरोगी माणसाने ही बी खाल्ली तर अपाय होत नाही. फक्त ती नीट चावून खायला हवी.

बीचे पोटात काय होते?
डाळिंबाच्या दाण्यात बाहेर रसाळ गर आणि आत बी असते. बीचे कवच न पचणाऱ्या तंतूंचे असते. त्यामुळे न चावता गिळलेली बी बहुधा जशीच्या तशी शौचावाटे बाहेर पडते. शौचात बिया दिसल्या म्हणजे पचन बिघडले, असे नाही. शंभर ग्रॅम दाण्यांतून साधारण ४ ग्रॅम तंतू मिळतात. रस गाळून चोथा टाकला, तर यातले जवळपास सगळे तंतू वाया जातात.

आपल्याकडची बी मऊ का?
पूर्वीच्या ‘आळंदी’ वाणाची बी फार कठीण होती. त्याच्याच रोपांतून डॉ. जी. एस. चिमा यांनी १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथे मऊ बियांचे झाड निवडले. तोच ‘गणेश’ वाण. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले ‘मृदुला’ आणि ‘भगवा’ हे वाणही मऊ बियांचेच आहेत. म्हणूनच बाजारातला भगवा बीसकट सहज चावता येतो. रानटी किंवा परसातल्या जुन्या झाडाची बी मात्र दाताला टणक लागते. ती थुंकलेलीच बरी.

त्रास कोणाला होऊ शकतो?
एका बैठकीत दोन-तीन डाळिंबांचे दाणे न चावता गिळले आणि पाणी कमी प्यायले, तर बिया गुदाशयात साचून त्यांचा घट्ट गोळा होऊ शकतो. हे क्वचित घडते. पण जुनी बद्धकोष्ठता असलेल्यांना आणि लहान मुलांना त्याचा धोका अधिक असतो. शौचाला जोर करूनही न होणे, गुदद्वारापाशी दुखणे, मध्येच थोडे पातळ झिरपणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी घरी जुलाबाचे औषध घेऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तर लगेच रुग्णालय गाठावे.

आतडे अरुंद झालेल्यांनी किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बिया खाव्यात. नीट चावता न येणाऱ्या लहानग्यांच्या घशात दाणा अडकू शकतो. त्यांना गाळलेला रस द्यावा.

किती खावे?
मोठ्या माणसाला एका वेळी वाटीभर दाणे पुरेसे आहेत. एकेक चमचा तोंडात घेऊन बी फुटेपर्यंत चावावी आणि दिवसभरात पुरेसे पाणी प्यावे.