चारशे पानं आणि पंधरा मिनिटं

समजा, एका ग्रंथालयाला जुनी पुस्तकं स्कॅन करून त्यातला मजकूर शोधता येईल असा करायचा आहे. हे काम महिन्यातून चार-पाच दिवसच निघतं. त्यासाठी सर्व्हर महिनाभर चालू ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. इथे सर्व्हरलेस फंक्शन उपयोगी पडतं. आपण फक्त कोड द्यायचा. तो कुठल्या मशीनवर चालवायचा हे कंपनी बघते आणि जेवढा वेळ चालला तेवढंच बिल लावते. ॲमेझॉनने 2014 मध्ये आणलेली लॅम्डा ही अशीच सेवा.

स्कॅनची फाईल S3 या साठवणीत येऊन पडली की फंक्शन आपोआप सुरू होतं. हा झाला ट्रिगर. पण लॅम्डाचं फंक्शन एका वेळी जास्तीत जास्त 900 सेकंद चालतं. एका पानाला चार सेकंद धरले तर चारशे पानांना 1600 सेकंद लागतील. म्हणजे सव्वादोनशेव्या पानाच्या आसपास काम तुटणार आणि लॉगमध्ये `Task timed out` एवढंच दिसणार.

म्हणून रचनाच बदलावी लागते. पहिलं फंक्शन मजकूर वाचतच नाही. ते फक्त पानांचे क्रमांक एका रांगेत टाकून मोकळं होतं. दुसरं फंक्शन रांगेतून एकेक पान उचलतं आणि त्याच्या अनेक प्रती एकाच वेळी चालतात. एखादं पान बिघडलं तर तेवढंच पुन्हा करायचं, अख्खं पुस्तक नाही. मर्यादेमुळे करावी लागलेली ही रचना मला मूळच्या रचनेपेक्षा सरस वाटते.

दोन धोके मात्र आधीच ओळखावेत. एकच पान दोनदा येऊ शकतं, म्हणून निकालाच्या फाईलला पुस्तक आणि पान यांच्या क्रमांकावरूनच नाव द्यावं. दुसऱ्यांदा आलेलं पान त्याच फाईलवर लिहिलं जाईल. आणि निकाल ज्या बकेटमधून स्कॅन आला त्याच बकेटमध्ये कधीही ठेवू नये. नवी फाईल दिसली की ट्रिगर पुन्हा उडतो, त्यातून आणखी एक फाईल तयार होते, आणि हे चक्र फिरत राहिलं तर बिल फुगू शकतं.

राहिला कोल्ड स्टार्ट. बराच वेळ कुणी हाक मारली नसेल, तर कोड आणून, वातावरण उभं करून, लायब्ररी चढवून मगच पहिलं काम सुरू होतं. लॉगमधल्या `Init Duration` या आकड्यावरून या वेळाचा अंदाज येतो. रात्री चालणाऱ्या स्कॅनिंगला एक-दोन सेकंदांचा उशीर झाला तरी काही बिघडत नाही. पण शोधाच्या चौकटीत शब्द टाकून बसलेल्या वाचकाला तो जाणवतो. म्हणून शोधाचं फंक्शन वेगळं आणि हलकं ठेवावं, जड लायब्ररी त्यात घेऊच नयेत. तरीही भागलं नाही, तर जास्त पैसे मोजून काही प्रती आधीच तयार ठेवता येतात.

आणि ज्या कामाचे तुकडेच पडत नाहीत, सलग दोन तास चालावंच लागतं, त्यासाठी सरळ साधा सर्व्हर भाड्याने घ्यावा.