उसन्या डॉलरची खरी किंमत

जपानमधल्या आयुर्विमा कंपन्यांकडे हप्त्यांचे येन भरपूर येतात. घरच्या बाजारात त्यावर वर्षानुवर्षे नावापुरतेच व्याज मिळत होते, म्हणून त्यांनी अमेरिकी रोखे घेतले. पण विमेदाराचे पैसे शेवटी येनमध्येच चुकवायचे असतात. मधल्या काळात डॉलर घसरला तर नुकसान ठरलेले. हे टाळण्यासाठी त्या बँकेशी स्वॅप करतात. आज येन द्यायचे, डॉलर घ्यायचे आणि तीन महिन्यांनी उलट देवघेव कोणत्या दराने करायची तेही आजच ठरवायचे. व्यवहार चलनाचा दिसतो, पण प्रत्यक्षात हे येन तारण ठेवून घेतलेले डॉलरचे कर्जच असते.

या कर्जावरचे व्याज त्या ठरवलेल्या दरात दडलेले असते. हिशेबाला सोपे आकडे घेऊ. डॉलर 100 येनला, डॉलरचा वार्षिक व्याजदर 1 टक्का, येनचा शून्य. कंपनीने 10,000 कोटी येन देऊन 100 कोटी डॉलर घेतले. तीन महिन्यांचे व्याज पाव टक्का, म्हणजे परतीचा दर साधारण 99.75 येन हवा. कंपनी डॉलर परत करील, तिच्या हाती 9,975 कोटी येन येतील. कमी आलेले 25 कोटी हेच व्याज. डॉलर थेट कर्जाने घ्या किंवा स्वॅपने, खर्च सारखाच पडला पाहिजे. यालाच कव्हर्ड इंटरेस्ट पॅरिटी म्हणतात. फरक पडला की स्वस्तात डॉलर उचलून महागात देणारे पुढे सरसावतात आणि दर जागेवर येतो. 2007 पर्यंत मोठ्या चलनांत हे जवळपास तंतोतंत खरे होते. पाठ्यपुस्तकांत ते अजूनही तसेच छापले जाते.

मार्च 2020 मध्ये करोनाच्या धास्तीने ते कसे मोडले पाहा. समजा, परतीचा दर 99.40 लागला. आता कंपनीच्या हाती येतात 9,940 कोटी येन. खर्च 25 ऐवजी 60 कोटी. वरचे 35 कोटी म्हणजे वर्षाला 1.4 टक्का. हा जादा भार म्हणजे क्रॉस-करन्सी बेसिस. डॉलर घेणाऱ्याला तो महाग पडतो तेव्हा बाजारात तो उणे लिहितात. त्या महिन्याच्या मध्यात येनचा तीन महिन्यांचा बेसिस खरोखरच याच पातळीच्या आसपास गेला होता.

मग 1 टक्क्याने डॉलर उचलून 2.4 टक्क्यांनी द्यायला कोणी का धावले नाही? कारण तो 1 टक्का त्या दिवसांत बऱ्याच बँकांसाठी कागदावरच उरला होता. बँकांना अल्पमुदतीचे डॉलर पुरवणाऱ्या अमेरिकी मनी मार्केट फंडांतून गुंतवणूकदार पैसे काढत होते. कंपन्या मंजूर कर्जमर्यादा एकदमच उचलत होत्या. ज्या बँकेकडे डॉलर होते, तिला ते उद्या स्वतःलाच लागतील ही भीती होती. विमा कंपन्यांना मात्र थांबता येत नव्हते: रोखे दीर्घ मुदतीचे, स्वॅप तीन महिन्यांचा, तो संपला की नवा करणे भाग.

दुसरे कारण शांत काळातही असते. 2008 नंतरच्या नियमांनुसार बँकेला एकूण ताळेबंदाच्या प्रमाणात भांडवल ठेवावे लागते, व्यवहार कितीही बिनधोक असो. समजा हे प्रमाण 5 टक्के आहे आणि भागधारकांना भांडवलावर 10 टक्के परतावा हवा आहे. मग अर्धा टक्का सुटल्याशिवाय बँक स्वॅपला हात लावणार नाही. म्हणजे थोडा बेसिस ही बाजाराची चूक नव्हे, ते बँकेच्या ताळेबंदातल्या जागेचे भाडे आहे. याची खूणही सापडते. काही बँकांचे हे प्रमाण तिमाहीच्या शेवटच्या दिवशी मोजले जाते. म्हणून 31 डिसेंबर ओलांडणारे तीन महिन्यांचे स्वॅप सप्टेंबरअखेर महागतात, एक महिन्याचे नोव्हेंबरअखेर. बेसिस अशा तारखांना धरून उसळला, तर अडचण बहुधा जागेची. तारखेवाचून उसळला, तर खुद्द डॉलरचीच टंचाई असल्याचा संशय घ्यावा.

2020 चा उपाय त्यामुळेच बाजाराबाहेरून आला. 15 मार्चला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने जपानसह पाच मध्यवर्ती बँकांना दिल्या जाणाऱ्या डॉलरवरचा जादा दर अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणला, मुदतही 84 दिवसांपर्यंत वाढवली. तरी बेसिस लगेच निवळला नाही. बँक ऑफ जपान हे डॉलर तारण घेऊन आपल्या ठरावीक बँकांनाच देते. विमा कंपनीला त्या बँकांच्या दारातूनच जावे लागते आणि तिथे ताळेबंदातल्या जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. महिनाअखेरीस मात्र तो बराच उतरला.

19 मार्चला फेडने आणखी नऊ मध्यवर्ती बँकांना ही सोय दिली. त्या चौदांत भारत नव्हता. आपल्या रिझर्व्ह बँकेने त्याआधीच, 16 मार्चला, बँकांना सहा महिन्यांच्या स्वॅपवर 200 कोटी डॉलर दिले होते, तेही स्वतःच्या गंगाजळीतून.